वाटणीचा दोष, यंत्राच्या माथी

स्विचच्या लॉगमध्ये टीकॅम भरल्याची ओळ उमटली की आमच्या धंद्यात एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं: यंत्र लहान पडलं, आता मोठं घ्या. विक्रेता ते म्हणतो, सल्लागार अहवालात लिहितो आणि वर्षानुवर्षं नेटवर्क सांभाळणारे माझे काही सहकारीसुद्धा मान डोलावतात. त्यांचं म्हणणं वरवर पाहता चुकीचं वाटत नाही. चिपमधल्या ओळी ठरावीक आहेत, इंटरनेटवरचे मार्ग आणि सुरक्षेचे नियम वाढत चालले आहेत, तेव्हा एक दिवस जागा संपणारच. या मताला मोठा आधार म्हणून १२ ऑगस्ट २०१४ या दिवसाचा दाखला देतात. त्या दिवशी इंटरनेटच्या मार्गांची संख्या ५,१२,००० ओलांडून गेली, जगभरातले जुने राउटर कोलमडले, आणि ‘हार्डवेअरला इंटरनेट पेलवलं नाही’ असा निष्कर्ष काढून लोक मोकळे झाले.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. ज्या दिवसाचा दाखला ते देतात, त्याच दिवसाचे आकडे नीट मांडले तर ते उलट साक्ष देतात.

आधी टीकॅम म्हणजे काय, ते थोडक्यात. साध्या मेमरीला आपण ओळीचा क्रमांक देतो आणि ती त्या ओळीतला मजकूर देते. टीकॅममध्ये हे उलट चालतं. तिला मजकूर द्यायचा, म्हणजे पॅकेटवरचा पत्ता. तो कोणत्या ओळीशी जुळतो हे ती सांगते. आणि हे ती सगळ्या ओळी एकाच वेळी तपासून सांगते, एकामागून एक शोधत बसत नाही. शिवाय तिच्या प्रत्येक घरात शून्य आणि एक यांच्या जोडीला तिसरी खूण असते: ‘इथे काहीही चालेल’. पत्त्याचे पहिले चोवीस बिट जुळले की पुरे, उरलेले आठ कोणतेही असोत, हा नियम त्यामुळे एकाच ओळीत मावतो. या सोयीची किंमत भारी असते. साध्या स्टॅटिक मेमरीच्या एका बिटाला सहा ट्रान्झिस्टर लागतात, टीकॅमच्या नेहमीच्या रचनेत सोळाच्या आसपास लागतात. प्रत्येक शोधात सगळ्या ओळी जाग्या होत असल्याने वीज आणि उष्णताही भरपूर. म्हणून ही मेमरी मोजूनमापून दिलेली असते. पूर्वपक्षाचं इथवरचं म्हणणं खरंच आहे.

आता २०१४ सालचं यंत्र पाहू. त्या काळी सिस्कोच्या कॅटॅलिस्ट ६५०० आणि ७६०० या मालिका सेवादात्यांकडे सर्रास दिसत. त्यांतलं सुपरव्हायझर ७२०-३बीएक्सएल हे इंटरनेटचे सगळे मार्ग साठवण्यासाठीच घेतलं जाई. त्याच्या मार्गांच्या टीकॅममध्ये ७२ बिट रुंदीच्या १०२४के, म्हणजे दहा लाखांहून थोड्या अधिक ओळी होत्या. आयपीव्ही४च्या एका मार्गाला एक ओळ लागते. आयपीव्ही६चा पत्ता लांब, त्याला दोन लागतात. ही जागा कारखान्यातूनच दोन दालनांत वाटून येई, आणि ती वाटणी कोणालाही एका आज्ञेत दिसे:

```
Router# show mls cef maximum-routes
 IPv4 + MPLS         - 512k (default)
 IPv6 + IP Multicast - 256k (default)
```

पहिल्या दालनात ५१२के ओळी. दुसऱ्यात २५६के मार्ग, पण प्रत्येकी दोन ओळी धरून तेही ५१२केच. म्हणजे अर्धंअर्धं. ऑगस्ट २०१४मध्ये जगाच्या आयपीव्ही४ तक्त्यात पाच लाखांच्या आसपास मार्ग होते आणि आयपीव्ही६च्या तक्त्यात वीस हजारांहून कमी. एक दालन काठोकाठ आलं होतं आणि शेजारचं दहा टक्केही भरलेलं नव्हतं. दोघांत एक भिंत होती, आणि ती भिंत चिपमध्ये कोरलेली नव्हती, संरचनेतल्या एका ओळीने ठरलेली होती.

त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी अमेरिकेतल्या व्हेरायझनच्या जाळ्यातून सुमारे १५,००० बारीक मार्ग चुकून जगाला जाहीर झाले. नवे पत्ते असे त्यात नव्हते. आधी मोठ्या एकत्रित मार्गांतून जाहीर होणारेच पत्ते तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडले. काही मिनिटांत ते मागेही घेतले गेले. तेवढ्या वेळात जागतिक तक्ता ५,१५,००० च्या घरात गेला.

इथे एक गोष्ट सहसा कोणी मोजत नाही. ५१२के म्हणजे ५,१२,००० नव्हे. संगणकाच्या मोजणीत ते ५,२४,२८८ होतात. मग ५,१५,००० मार्गांनी दालन कसं ओसंडलं? कारण दालनात जगाचेच मार्ग नसतात, घरचेही असतात: ग्राहकांच्या जोडण्या, राउटरांचे स्वतःचे पत्ते, आतल्या उपजाळ्यांचे मार्ग, एमपीएलएसची लेबलं. ज्याच्याकडे घरचे पाच हजार होते तो ५,२०,००० वर थांबला आणि वाचला. ज्याच्याकडे पंधरा हजार होते तो ५,३०,००० वर गेला आणि अडकला. यंत्र तेच, दिवस तोच, जगाचा तक्ताही तोच. फरक घरच्या पसाऱ्याचा होता. ‘इंटरनेट मोठं झालं म्हणून राउटर पडले’ या विधानात हा फरक कुठेच बसत नाही.

दालन ओसंडल्यावर जे घडलं तेही नीट सांगायला हवं, कारण त्याबद्दलही गैरसमज आहे. ‘जे मार्ग मावले नाहीत तेवढ्यांचंच नुकसान, बाकीचे सुरळीत’ असं पुष्कळांना वाटतं. या यंत्राच्या लॉगमध्ये येणारी ओळ वाचली तरी तसाच भास होतो: `FIB TCAM exception, Some entries will be software switched`. ‘सम’, म्हणजे काही. पण त्या काहींची पॅकेटं जातात कुठे? ज्यांना चिपमध्ये ओळ मिळाली नाही त्यांची पॅकेटं सीपीयूकडे येतात. चिप सेकंदाला तीन कोटींच्या घरात पॅकेटं पुढे सारत होती, सीपीयू फार तर काही लाख सारू शकतो. आणि तोच सीपीयू शेजारच्या राउटरांशी बीजीपीचे संवादही चालवत असतो. तो पॅकेटांत बुडाला की त्या संवादांना वेळेवर उत्तर जात नाही, शेजारी हा राउटर गेला असं समजून नातं तोडतात, त्याच्याकडून आलेले सगळे मार्ग काढून टाकतात आणि मग पुन्हा जोडणी, पुन्हा सगळा तक्ता नव्याने. ज्या लाखो मार्गांना चिपमध्ये हक्काची जागा होती तेही यात ओढले जातात. शिवाय या यंत्रांत एकदा ही अवस्था आली की मार्ग कमी झाले तरी ती आपोआप जात नाही. `show mls cef exception status` मध्ये `TRUE` दिसत राहतं आणि राउटर पुन्हा सुरू करावा लागतो. गळती काही मिनिटांची आणि त्रास कित्येक तासांचा, हे त्यामुळे घडलं.

उपाय काय होता? भिंत सरकवणं. सिस्कोने तो त्याच वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे घटनेच्या तीन महिने आधी, जाहीर सांगितलेला होता. एक आज्ञा लिहायची आणि यंत्र एकदा पुन्हा सुरू करायचं. पण या उपायातही जपून चालायला हवं, आणि वाटणीचा विचार का करावा लागतो याचं उत्तम उदाहरण इथेच मिळतं. पुष्कळांनी घाईत हे लिहिलं:

```
mls cef maximum-routes ip 1000
```

१०२४के मधून १०००के आयपीव्ही४ला दिले की उरतात २४के ओळी. आयपीव्ही६ला दोन दोन लागतात, म्हणजे फार तर १२के मार्ग. त्या वेळी आयपीव्ही६चा तक्ताच पंधरा हजारांच्या पुढे होता. जो सेवादाता आयपीव्ही६चा पूर्ण तक्ता घेत होता त्याने एका दालनाची आग विझवून शेजारच्या दालनाला लावली. हिशेब करणाऱ्यांनी ७६८के हा आकडा निवडला. त्यात आयपीव्ही६ला १२८के मार्ग उरतात, आणि तक्ता वाढण्याचा तेव्हाचा वेग पाहता चार-पाच वर्षं निश्चिंत जातात. ती गेलीही. २०१९मध्ये जागतिक तक्ता ७६८केच्या उंबरठ्यावर आला तेव्हा पुन्हा चर्चा उठली. त्या वेळी चिंता त्यांनाच होती ज्यांनी पाच वर्षांपूर्वी घातलेली भिंत तिथेच आहे हे विसरून टाकलं होतं.

न्यायाने हेही सांगतो की पूर्वपक्ष काही ठिकाणी पूर्ण बरोबर आहे. याच कुळातलं सुपरव्हायझर ७२०-३बी घ्या. त्याच्या टीकॅममध्ये एकूण ओळीच २५६के होत्या. जगाचा तक्ता २००८च्या सुरुवातीला अडीच लाखांच्या जवळ पोचला तेव्हा कोणतीही भिंत कुठेही सरकवली तरी भागणार नव्हतं. एकतर पूर्ण तक्ता घेणं सोडायचं किंवा यंत्र बदलायचं, एवढेच मार्ग होते. इथे जागा खरोखर संपली होती. माझा वाद अशा यंत्रांबद्दल नाही. माझा वाद आहे तो हे एक उदाहरण सगळ्यांना लावण्याबद्दल. ३बी आणि ३बीएक्सएल यांच्या लॉगमध्ये उमटणारी ओळ सारखीच. रोग मात्र दोन वेगळे. औषध एकच कसं चालेल?

मार्गांपेक्षा एसीएलच्या बाबतीत हा गोंधळ जास्त खोल आहे, आणि तिथे मी स्वतः त्याचा अनुभव घेतला आहे.

एका संस्थेत मी काम करत असताना एका लेयर-३ स्विचवर नवा नियम चढेना. संरचनेत ती एकच ओळ होती: चोवीस विभागांच्या उपजाळ्यांचा एक गट, अठरा सर्व्हरांचा दुसरा गट, आणि ५००० ते ५९९९ हे पोर्ट, यांना परवानगी. स्विचमध्ये एसीएलसाठी १,५३६ ओळींचं दालन होतं आणि ते जवळजवळ रिकामं होतं. एक ओळ का मावत नाही हे कोणालाच कळेना. पुरवठादाराने पत्र दिलं की स्विच अपुरा आहे आणि वरच्या श्रेणीचा घ्यावा. खरेदीचा कागद तयारही झाला.

आम्ही तो कागद दोन दिवस थांबवला आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखी आकडेमोड केली. टीकॅमला ‘गट’ कळत नाही. प्रत्येक स्रोत आणि प्रत्येक सर्व्हर यांची जोडी वेगळी ओळ घेते: २४ गुणिले १८, म्हणजे ४३२. आणि टीकॅमला ‘पासून-पर्यंत’ हेही कळत नाही. तिला फक्त एक, शून्य आणि ‘काहीही’ एवढंच येतं, त्यामुळे पोर्टांची श्रेणी दोनाच्या घातांच्या ठोकळ्यांत तोडावी लागते. ५००० ते ५००७ हा आठाचा ठोकळा, ५००८ ते ५०२३ सोळाचा, ५०२४ ते ५०५५ बत्तिसाचा, ५०५६ ते ५११९ चौसष्टाचा. मग ५१२०पासून ५१२चा, ५६३२पासून २५६चा, ५८८८पासून चौसष्टाचा, ५९५२पासून बत्तिसाचा आणि ५९८४पासून ५९९९पर्यंत सोळाचा. नऊ ठोकळे. एरवी अशा श्रेणींसाठी चिपमध्ये तुलना करणारी मोजकी वेगळी साधनं असतात आणि ती वापरली तर तोडाफोड टळते, पण त्या स्विचवर आधीच्या नियमांनी ती संपवली होती. ४३२ गुणिले ९ म्हणजे ३,८८८. संरचनेतली एक ओळ चिपमध्ये जवळजवळ चार हजार ओळी मागत होती.

आता उपाय पाहा. ती चोवीस उपजाळी `10.20.0.0/24` पासून `10.20.23.0/24` पर्यंत सलग होती. सलग चोवीस म्हणजे सोळा अधिक आठ: `10.20.0.0/20` आणि `10.20.16.0/21`. या दोन ओळींत तीच चोवीस उपजाळी येतात, एक पत्ता जास्त नाही, एक कमी नाही. २ गुणिले १८ गुणिले ९ म्हणजे ३२४. नियम चढला. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलल्यावर त्यांना पोर्ट कुठलेही चालतात असं कळलं. त्यांनी ५१२० ते ६१४३ ही श्रेणी घेतली. ती बरोबर १०२४ची आणि योग्य जागी सुरू होणारी, म्हणून एकाच ठोकळ्यात बसते. हजार पोर्टांना नऊ ओळी लागत होत्या, हजार चोवीस पोर्टांना एक लागली. शेवटी चिपमध्ये ३६ ओळी राहिल्या. ३,८८८ची मागणी ३६वर आली आणि सुरक्षेत कुठेही ढिलाई झाली नाही. खरेदीचा कागद फाइलमध्येच राहिला.

हा माझ्या हुशारीचा दाखला म्हणून सांगत नाही. हे गणित कोणत्याही पाठ्यपुस्तकात आहे. सांगायचं ते एवढंच की मोठा स्विच घेतला असता तरी त्यावर ३,८८८च ओळी गेल्या असत्या, आणि असे आणखी दोन-तीन नियम आले असते की तोही भरला असता.

याहून विचित्र प्रकार दुसऱ्या ठिकाणी पाहिला. दालन तेवढंच, १,५३६ ओळींचं. त्यातली एकच लांब यादी ८०० ओळींची. वापर बावन्न टक्के. त्या यादीत एक नियम वाढवायला गेलं की स्विच जागा नाही म्हणून नकार देई. अर्धं दालन रिकामं असताना जागा कशी नाही? याचं कारण बदल करण्याच्या पद्धतीत आहे. सिस्कोच्या नेक्ससवर्गातले स्विच एसीएल बदलताना जुनी यादी जागेवर ठेवतात, नवी पूर्ण यादी शेजारी लिहितात आणि मग एका क्षणात जुनीवरून नवीवर येतात. मधल्या काळात रहदारी अडू नये आणि नियमांत फटही राहू नये म्हणून ही काळजी. त्यासाठी जुन्या ८०० अधिक नव्या ८०१, अशा १,६०१ ओळी क्षणभर तरी लागतात, आणि दालन होतं १,५३६चं. म्हणजे त्या स्विचवर एकाच मोठ्या यादीसाठी पन्नास टक्के वापर हाच काठ होता. `no hardware access-list update atomic` लिहून ही पद्धत बंद करता येते, पण मग बदल होईपर्यंतच्या क्षणात त्या यादीतून जाणारी रहदारी थांबते, किंवा `hardware access-list update default-result permit` दिलं तर सगळी आत सोडली जाते. बँकेच्या दारावर आणि महाविद्यालयाच्या वसतिगृहात या दोन्हींतून निवड वेगवेगळी होईल. ती करायला माणूसच हवा. मोठ्या यंत्राने ती टळत नाही.

यावर प्रतिपक्षाचा एक आक्षेप उरतो आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, अशी आकडेमोड करायला वेळ आणि जाणता माणूस लागतो; माणसाचा महिन्याचा पगार आणि स्विचची किंमत यांचा मेळ घातला तर मोठं यंत्र घेणंच स्वस्त. शिवाय मोठ्या यंत्रात वर्षानुवर्षं चिंता नाही. पहिल्या भागाला माझं उत्तर असं: हिशेब एकदा करावा लागतो आणि तो दोन दिवसांचा असतो. दुसऱ्या भागाचं उत्तर यंत्रच देतं. नव्या स्विचमधलं टीकॅमही वाटून येतं. नेक्सस ९००० मालिकेच्या सुरुवातीच्या स्विचांवर एसीएलचं टीकॅम २५६ ओळींच्या पटीत अनेक दालनांत विभागलेलं असे, आणि आयपीव्ही६च्या एसीएलचं दालन कारखान्यातून येताना शून्य ओळींचं असे. कोऱ्या करकरीत स्विचवर, एकही नियम नसताना, आयपीव्ही६चा पहिला नियम लावायला गेलं की ‘`TCAM region is not configured`’ असं उत्तर येई. तिथेही उपाय तोच होता: कमी वापराच्या दालनातून ओळी काढून या दालनाला द्यायच्या, संरचना जतन करायची आणि स्विच पुन्हा सुरू करायचा. नवं यंत्र घेऊन जुनी चूक नव्या खोलीत नेता येते.

म्हणून माझं म्हणणं असं मांडतो. टीकॅम भरलं असं दिसल्यावर पहिला प्रश्न ‘किती भरलं’ हा नसावा. कोणतं दालन भरलं, त्यात काय आहे आणि शेजारी किती मोकळं आहे, हे प्रश्न आधी हवेत. ६५००वर याचं उत्तर `show platform hardware capacity forwarding` देतं. ७२ बिटांच्या आणि १४४ बिटांच्या दालनांचा वापर त्यात वेगवेगळा दिसतो. नेक्ससवर `show hardware access-list resource utilization` दालनवार टक्केवारी दाखवतं. जुन्या कॅटॅलिस्ट ३७५०वर `show platform tcam utilization` आणि `show sdm prefer` मिळून तेच सांगतात. शेजारचं दालन रिकामं असेल तर भिंत सरकवा. भरलेल्या दालनात एका नियमाच्या शेकडो ओळी झालेल्या असतील तर नियम आवळून लिहा. दोन्ही नसेल, सगळी दालनं खऱ्या, आवळलेल्या मजकुराने भरली असतील, तर मग यंत्र लहान पडलं हे विधान खरं आहे आणि नवं घ्यायला माझा काही विरोध नाही.

जे लोक संस्थांसाठी खरेदीवर सही करतात त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी टीकॅम भरल्याच्या कारणाने नव्या स्विचचा प्रस्ताव समोर आला तर त्यासोबत या आज्ञांचा छापील निकाल आणि दालनवार हिशेबाचं एक पान मागा. ते पान जोडलेलं नसेल तर प्रस्ताव परत पाठवा.